छत्री किती कलती धरायची? तलावपाळीच्या फेरीत सापेक्ष वेगाचं गणित

प्रश्न: अकरावीत tan θ = v/u शिकलो होतो. ठाण्यात पावसात चालताना छत्री तशी पुढे कलती धरतो, तरी पँट भिजतेच. नेमका कोन किती ठेवायचा आणि माझं चुकतंय कुठे?

उत्तर:

सूत्र बरोबर आहे: θ हा छत्रीचा उभ्या रेषेशी कोन, v तुमचा चालण्याचा वेग आणि u पावसाचा खाली येण्याचा वेग. चुकतात ते त्यात घातलेले आकडे. शिवाय एक गोष्ट सूत्र सांगतच नाही: कोन अचूक असला तरी छत्री कुठे धरली आहे यावर तुमचा कुठला भाग कोरडा राहणार हे ठरतं. पँट भिजण्याचं कारण बहुतेक या दुसऱ्या गोष्टीत आहे, पण आधी आकडे नीट करून घेऊ.

पुस्तकातल्या गणितांत पाऊस सेकंदाला ३० किंवा ३५ मीटर वेगाने पडतो. खरा थेंब असा कधीच पडत नाही. खाली येताना त्याला होणारा हवेचा विरोध वाढत जातो, थोड्याच वेळात तो थेंबाच्या वजनाइतका होतो आणि तिथून पुढे थेंब एकाच वेगाने खाली येतो. हा वेग थेंबाच्या आकारावर ठरतो. अर्ध्या मिलिमीटरचा भुरभुरीचा थेंब सेकंदाला साधारण २ मीटर, १ मिलिमीटरचा ४ मीटर, २ मिलिमीटरचा साडेसहा मीटर आणि ५ मिलिमीटरचा टपोरा थेंब ९ मीटरच्या आसपास. त्याहून फार मोठे थेंब हवेतच फुटतात, म्हणून वेगही तिथेच थांबतो.

आता फरक बघा. आपण चालतो ताशी ५ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १.४ मीटर. वारा नाही असं धरा. पाऊस ३५ मीटरने पडत असता तर कोन निघाला असता जेमतेम २ अंश, म्हणजे छत्री सरळच धरा. खऱ्या २ मिलिमीटरच्या थेंबासाठी १.४ भागिले ६.५, म्हणजे १२ अंश. १ मिलिमीटरच्या थेंबासाठी १९ अंश आणि भुरभुरीत थेट ३५ अंश. पाऊस जितका बारीक, तितकी छत्री जास्त कलवावी लागते. बहुतेक लोक याच्या उलट करतात: मुसळधार पावसात छत्री खूप झुकवतात आणि रिमझिमीत सरळ धरतात.

पण आपल्याकडे वारा नसलेला पाऊस किती वेळा मिळतो? जून ते सप्टेंबर वारा मुख्यतः पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो आणि तो थेंबांना आपल्याबरोबर आडवा वाहून नेतो. म्हणून सूत्रातला v हा नुसता चालण्याचा वेग राहत नाही. पावसाच्या वेगातून तुमचा वेग सदिश पद्धतीने, म्हणजे दिशाही लक्षात घेऊन, वजा करायचा. उरतो तो तुम्हाला जाणवणारा पाऊस, आणि छत्रीचा दांडा त्याच्या रेषेत हवा.

तलावपाळीला, म्हणजे ठाण्यातल्या मासुंदा तलावाभोवती, एक फेरी मारली तर हे फार छान कळतं, कारण तलावाच्या मोकळ्या पाण्यावरून वारा बराच सरळ येतो आणि फेरीत तुमची दिशा मात्र चारही बाजूंना बदलते. हिशेब सोपा राहावा म्हणून वारा नेमका पश्चिमेकडून सेकंदाला ३ मीटर आहे असं धरू. तोंडावर वारा जाणवतो, पानं सळसळतात, एवढाच हा वारा. थेंब २ मिलिमीटरचे, म्हणजे उभा वेग साडेसहा.

तुम्ही पश्चिमेकडे चालत आहात तेव्हा वारा समोरून येतो. ३ आणि १.४ यांची बेरीज ४.४, भागिले ६.५. कोन ३४ अंश, छत्री समोर. परत पूर्वेकडे वळलात की वारा पाठीमागून. आता ३ उणे १.४, म्हणजे १.६. कोन १४ अंश आणि छत्री मागे कललेली हवी. इथे पुष्कळ जण सवयीने छत्री पुढेच ठेवतात आणि पाठीवरची बॅग भिजवून घेतात. याच बाजूला तुम्ही सेकंदाला ३ मीटरने, म्हणजे हळू धावत निघालात, तर वाऱ्याचा वेग तुमच्या वेगाने पूर्ण कापला जातो आणि छत्री अगदी सरळ धरावी लागते.

उत्तरेकडे चालताना वारा डावीकडून येतो. ३ आणि १.४ काटकोनात आहेत, त्यामुळे त्यांची साधी बेरीज चालत नाही. वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ ३.३ येतं आणि कोन २७ अंश. छत्री मात्र नुसती डावीकडे कलवून भागत नाही. ती डाव्या हातापासून २५ अंश पुढे वळलेली हवी, कारण चालण्यामुळे पाऊस थोडा समोरूनही येतो. दक्षिणेकडे जाताना हेच उजव्या बाजूला. थोडक्यात, फेरीभर छत्रीचं तोंड वाऱ्याकडेच असतं, फिरता तुम्ही. वळणावर पाय वळले की हातातली मूठ उलट दिशेने वळवायची, हे एकदा अंगवळणी पडलं की आकडे आठवावे लागत नाहीत.

आता पँटकडे येऊ. छत्री म्हणजे पावसात पडलेली एक कोरडी नळी समजा. कापड पावसाला काटकोनात धरलं की त्याच्या मागे छत्रीच्या रुंदीएवढी, पावसाच्याच उताराने तिरकी जाणारी कोरडी जागा तयार होते. तुम्ही उभे आणि नळी तिरकी. तिच्यात तुमचा किती भाग बसतो हाच खरा प्रश्न आहे.

उघडल्यावर टोकापासून टोकापर्यंत १ मीटर भरणारी नेहमीची छत्री घ्या, माणसाची उंची १.६५ मीटर आणि वाऱ्याविरुद्धचा तो ३४ अंशांचा पाऊस. छत्री डोक्यावर सरळ धरली तर पोटापासून खाली सगळं भिजतं. आता छत्रीचा मध्य डोक्यावरच ठेवून ती नुसती ३४ अंश कलवली तर कमरेपर्यंत कोरडं राहतं आणि खालचं भिजतं. कोन अगदी बरोबर असूनही! तुमचं इथेच चुकत असावं. नळीचा मध्य डोक्यातून गेला, त्यामुळे तिचा निम्मा भाग पाठीमागच्या मोकळ्या जागेला कोरडं ठेवण्यात वाया गेला आणि पाय मात्र बाहेर राहिले.

उपाय असा की दांड्याची रेघ मनातल्या मनात खाली वाढवायची आणि ती बेंबीतून जाईल अशी छत्री धरायची. त्यासाठी मूठ छातीच्या उंचीवर, अंगापासून वीतभरापेक्षा थोडी कमी पुढे येते. वरचं कापड आपोआप डोक्याच्या पुढे सरकतं. एवढ्याच बदलाने, कोन तोच ठेवून, कोरडी जागा डोक्यापासून गुडघ्याच्या थोडं खालपर्यंत येते. हात आणखी पुढे ताणलात तर डोक्याचा मागचा भाग आणि बॅगेचं वरचं टोक नळीच्या बाहेर जातं. म्हणून कुठे ओल येते यावरूनच दुरुस्ती करता येते. मांड्या भिजत असतील तर छत्री आणखी पुढे न्या किंवा कलवा. मान किंवा बॅगेचा वरचा भाग भिजत असेल तर ती मागे घ्या.

याला एक मर्यादा आहे, ती भूमितीची. शरीराची जाडी २० सेंटिमीटर धरली तर १ मीटरची छत्री १.६५ मीटरच्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत फक्त ३० अंशांपर्यंतच्या पावसात झाकू शकते. चालताना पाऊल पुढे पडतं, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. १.२ मीटर रुंदीची छत्री ही मर्यादा ३९ अंशांपर्यंत नेते. वारा सेकंदाला ६ मीटर झाला आणि तुम्ही त्याच्याविरुद्ध चालत असाल तर २ मिलिमीटरच्या थेंबांसाठीही कोन ४९ अंशांवर जातो. मग दोन्ही छत्र्या अपुऱ्या. अशा वेळी डोकं आणि बॅग वाचवा आणि पाय सोडून द्या. मी तरी तेच करतो, कारण पँट वाळते, बॅगेतली कागदपत्रं नाही.

बारीक थेंबांचं काय? खऱ्या पावसात सगळ्या आकारांचे थेंब एकाच वेळी पडत असतात आणि प्रत्येकाचा उतार वेगळा. त्यामुळे सगळ्यांना पुरेल असा एक कोन नसतोच. तुम्ही कोन मोठ्या थेंबांसाठी ठेवा, कारण जोराच्या पावसात बहुतेक पाणी तेच आणतात. बारीक थेंब त्याहून आडवे येतात, छत्रीखालून आत शिरतात आणि चश्म्यावर किंवा शर्टावर हलकी ओल धरते. ती ओल बघून छत्री आणखी कलवू नका. तसं केलंत तर मोठे थेंब मानेवर येतील.

रस्त्यावर tan काढत कोणी बसत नाही, तेव्हा कोन डोळ्यांनी काढायची पद्धत सांगतो. पावसाच्या रेघा आकाशासमोर दिसत नाहीत. गर्द झाड किंवा काळपट भिंत मागे असली की दिसतात, आणि रात्री दिव्याखाली. पुढे-मागे किती कलवायचं ते बघायला समोर नाही, बाजूला बघा. डावी-उजवीकडचा कल बघायला समोर बघा. ज्या दिशेने तुम्ही बघता त्या दिशेतला उतार डोळ्याला कळतच नाही. आणि हे चालता चालता बघायचं. थांबून बघितलंत तर चालण्यामुळे पडणारा फरक त्यात येत नाही आणि वाऱ्याविरुद्ध जाताना छत्री कमी कलवली जाते. आपल्या उदाहरणात उभं राहून दिसलेला उतार २५ अंश असतो, चालताना लागणारा ३४.

दोन गोष्टी मात्र कोनापेक्षा महत्त्वाच्या आहेत. पहिली, ३४ अंशांवरच छत्रीची पुढची कड डोळ्यांच्या पातळीवर येते आणि त्याहून जास्त कलवली तर समोरून येणारी रिक्षा दिसत नाही. रस्ता ओलांडायच्या आधी छत्री उचला, दोन्हीकडे बघा, मगच पाऊल टाका. दुसरी, उंच इमारतींच्या मधल्या फटीतून वारा अचानक बाजूने येतो. मागे कललेली छत्री तेव्हा वाऱ्याला आतली बाजू दाखवते, कापड उलटतं आणि काड्या वाकतात. अशा फटीजवळ येताना छत्री क्षणभर सरळ करून खाली ओढा, झोत कुठून येतो ते जाणवलं की कापडाची बाहेरची बाजू त्याच्याकडे करा आणि मग पुन्हा कलवा.