सांत फील्ड: p^n च घटक का, आणि गुणाकाराचा ग्रुप चक्रीय का?

प्रश्न: एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, मुंबईत. सांत फील्डमध्ये मूळ संख्येच्या घाताएवढेच घटक का असतात? आणि शून्य सोडून उरलेल्यांचा ग्रुप चक्रीय का? सिद्धता पाठ आहे, पण पटलेली नाही.

उत्तर: पहिला भाग सोपा आहे. 1 मध्ये 1 मिळवत राहा. घटक मोजकेच, त्यामुळे कधीतरी 0 येणारच. समजा पहिल्यांदा p वेळा 1 घेतल्यावर 0 आला. p = ab असा फोडता आला असता, तर शून्य नसलेल्या दोघांचा गुणाकार शून्य झाला असता, आणि फील्डमध्ये ते चालत नाही. म्हणून p मूळ संख्या. आता 0 ते p−1 हे आतलं छोटं फील्ड आणि अख्खं फील्ड त्याच्यावरचा सदिश अवकाश. पायात n घटक असतील, तर प्रत्येक घटकासाठी n सहगुणक निवडायचे, प्रत्येकाला p पर्याय. झाले p^n.

दुसरा भाग मला कलिन्याहून घरी येताना लोकलमध्ये, वहीच्या मागच्या पानावर उमगला. फील्डमध्ये q घटक आहेत असं धरा. शून्येतर घटकांपैकी सर्वांत मोठी ऑर्डर m असलेला एक घ्या. गुणाकार क्रमनिरपेक्ष असल्यामुळे r आणि s ऑर्डरच्या घटकांपासून त्यांच्या लसाविएवढ्या ऑर्डरचा घटक बनवता येतो. (नुसता गुणाकार करून नाही, एखाद्याला त्याच्याच व्यस्ताने गुणून बघा! आधी घात नीट निवडावे लागतात.) म्हणजे प्रत्येकाची ऑर्डर m ला भागते, नाहीतर लसावि m पेक्षा मोठा आला असता. मग सगळे q−1 घटक x^m = 1 या समीकरणाच्या उकली झाल्या. पण फील्डमध्ये m घाताच्या समीकरणाला m पेक्षा जास्त उकली नसतात, म्हणून q−1 ≤ m. उलट बाजूने m हा q−1 ला भागतोच. दोन्ही सारखे.

सगळा जोर त्या उकलींच्या मर्यादेवर आहे. ती नसली की काय होतं ते Z/8 मध्ये दिसतं: 1, 3, 5, 7 या चौघांचाही वर्ग 1. x² = 1 ला चार उकली, आणि ग्रुप चक्रीय नाही.

आता 9 घटकांचं फील्ड. ते Z/9 नव्हे, कारण तिथे 3·3 = 0. Z/3 मध्ये −1 कुणाचाही वर्ग नाही, म्हणून i² = −1 असा i जोडून a+bi घ्यायचे. बरेच जण i लाच जनक समजतात, पण i⁴ = 1, चारातच गाडी परत फिरते. 1+i चे घात करून बघा: 1+i, 2i, 1+2i, 2, 2+2i, i, 2+i, 1. आठही आले. खरं तर चौथा घात 2 आला, 1 नाही, एवढ्यावरच थांबता आलं असतं, कारण 8 चा प्रत्येक छोटा भाजक 4 लाही भागतो.

जनक कोणता ते मात्र सिद्धता सांगत नाही, शोधावाच लागतो. इथे आठांपैकी चार चालतात: a आणि b दोन्ही शून्य नसलेले.