रोडगा वाहीन तुला

"आई, आजीने पाठवलेल्या व्हिडिओत साडी नेसलेले एक काका देवीला म्हणतात माझ्या सासूला मार, सासऱ्याला मार, आणि सगळे हसतायत, आजीपण! हे देवाचं गाणं आहे ना? मग असं मागितलेलं चालतं का?"

चिऊ,

चालतं कारण ते भारूड आहे. एकनाथांचं, म्हणजे पैठणचे संत एकनाथ, सोळाव्या शतकातले. भारूड वरवर ऐकलं तर गंमतजंमत आणि आत काहीतरी वेगळंच, कोड्यासारखं. त्यांनी विंचू, जोशी, वासुदेव, गोंधळी अशी कितीतरी सोंगं घेऊन भारुडं लिहिली, पण तू पाहिलंस ते माझं सगळ्यात आवडतं.

आधी वरचा अर्थ बघ. एक सून भवानीला नवस बोलतेय, "सत्वर पाव गे मला, भवानी आई रोडगा वाहीन तुला". रोडगा म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली जाडजूड रोटी, पीठ आणि पाणी, बास. आणि त्या एका रोडग्याच्या बदल्यात हिला काय काय हवंय? सासरा गावाला गेलाय तर त्याला तिकडेच खपव, सासू जाच करते तिला लवकर संपव, नणंदेचं पोर किरकिर करतं त्याला खरूज होऊ दे. पूर्ण घर साफ! म्हणून लोक हसतात, कारण जत्रेत नारळ घेऊन उभे असलेल्यांपैकी निम्म्यांनी असलाच सौदा मनात केलेला असतो, फक्त मोठ्याने म्हटलेला नसतो. देवी म्हणजे जणू सुपारी घेणारी कोणीतरी, आणि तीही इतकी स्वस्त.

आता एक ओळ नीट बघ, तुझ्या लक्षात आली नसेल. जाऊ फडफड बोलते म्हणून सून म्हणते "बोडकी कर गं तिला". बोडकी म्हणजे जिचा नवरा गेलाय आणि जुन्या काळच्या दुष्ट प्रथेप्रमाणे जिचं डोकं भादरलंय ती बाई. म्हणजे जावेला शिक्षा द्यायला हिने दिराचा जीव मागितला, बिचाऱ्याचं नावसुद्धा न घेता! आणि थोडं पुढे गेलीस की ती स्वतःच्या दादल्याची, म्हणजे नवऱ्याची, आहुती द्यायला निघते, "मोकळी कर गं मला". मग ही कोण झाली? बोडकीच ना. जो शाप जावेला दिला तोच स्वतःसाठी नवस म्हणून मागितला. मला हे कळलं तेव्हा मी कॉलेजात होते, त्याआधी कित्येकदा ऐकून नुसतीच हसले होते.

आता आतला अर्थ. सून म्हणजे आपला जीव, आणि सासरची माणसं म्हणजे त्याला धरून बसलेले विकार. आमच्या गावचे कीर्तनकार सासऱ्याला अहंकार म्हणायचे, सासूला कल्पना, दुसरे कोणी वेगळं सांगतात, त्यावर भांडू नये. महत्त्वाची आहे शेवटची ओळ, "एका जनार्दनी सगळेच जाऊ दे, एकटीच राहू दे मला". जनार्दनस्वामी हे एकनाथांचे गुरू, आणि "एका जनार्दनी" ही एकनाथांची सही, त्यांच्या अभंगांत शेवटी येते. पण इथे "एका" आणि "एकटी" शेजारी शेजारी आलेत, मला तरी तो योगायोग वाटत नाही. वर ऐकलं तर सगळ्यांना घालवून मोकळी झालेली स्वार्थी बाई, आत ऐकलं तर सगळं सुटून फक्त एकच उरलेलं, जे संतांना हवं होतं ते. शब्द तेच, नवसही तोच, पण ज्याच्यावर आपण हसत होतो तेच मागायचं होतं! फक्त माणसं नाही मारायची, आपल्या आतली गर्दी.

म्हणून भारुडात गाण्याइतकंच मधलं बोलणं लागतं. एक कडवं झालं की टाळमृदंग थांबतात, भारूड करणारा साध्या भाषेत बोलतो, समोरच्या एखाद्याची फिरकी घेतो आणि त्यातच हळूच अर्थ सोडवून सांगतो. हल्ली गॅदरिंगमध्ये वगैरे वेळ कमी म्हणून हे बोलणं आधी कापतात, शेवटची ओळही घाईत उरकतात, मग उरतो नुसता सासूचा जोक. (तुझ्या आजीसमोर तो जोक मारू नकोस, ती स्वतः हसली असली तरी.)

व्हिडिओ परत लाव आणि शेवटाकडे जा. ते काका "एकटीच राहू दे मला" तसंच नाचत म्हणतात की तिथे थांबतात, आवाज बदलतो का, मृदंग बंद होतो का, ते बघून मला रात्री सांग. मला इथून पूर्ण व्हिडिओ लोड होत नव्हता.

आई