सारांश शेवटच्या पानापासून काढायचा

प्रश्न: संसदेतल्या चर्चेचा लांबलचक शब्दशः वृत्तांत एका पानात कसा आणायचा? दोन्ही बाजूंची भूमिका, मुख्य मुद्दे आणि मतदानाचा निकाल, एवढं यायला हवं.

उलटं वाचा. आधी शेवटची पानं काढा, कुठल्या प्रस्तावावर मत पडलं ते बघा, आणि मग पहिल्या भाषणाकडे या. आणि कृपा करून "बाजूने" आणि "विरोधात" अशा दोन रकान्यांचा तक्ता करू नका. ह्या दोन रकान्यांवरून मी एकदा कडाक्याचं भांडलोय, म्हणून तर हे लिहायला बसलो.

मी तेव्हा एका स्पर्धा परीक्षा क्लाससाठी चालू घडामोडींच्या नोट्स बनवायचो. ३० जुलै २०१९ ला राज्यसभेत तिहेरी तलाकचं विधेयक मंजूर झालं. पूर्ण नाव मुस्लिम महिला (विवाह हक्क संरक्षण) विधेयक. तोंडी, एका दमात दिलेला तलाक हा गुन्हा, आणि नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. मी वृत्तांत वाचून सारांश दिला. सरांनी तो "सोपा" केला. छापून आलं ते असं: सरकार तिहेरी तलाकच्या विरोधात, विरोधक तिहेरी तलाकच्या बाजूने. आणि "विरोधात मतदान करणारे पक्ष" या यादीत जनता दल (युनायटेड) आणि अण्णाद्रमुक.

दोन्ही चूक. पहिली चूक जास्त गंभीर.

त्या चर्चेत तिहेरी तलाक चांगला की वाईट, हा वाद मुळात नव्हताच. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ लाच तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने ती प्रथा रद्द ठरवली होती, आणि विरोधातल्या बहुतेक वक्त्यांनी आपल्याला तो निकाल मान्य असल्याचं सांगितलं. वाद होता शिक्षेवर. काँग्रेस आणि इतरांचं म्हणणं असं: तलाक म्हटल्याने लग्न मोडतच नाही असं कायदा सांगतो, मग गुन्हा नेमका कशाचा? विवाह हा दिवाणी मामला, त्यात तुरुंग का? नवरा आत गेला तर बायको-मुलांना निर्वाह भत्ता कोण देणार? आणि बायकोला टाकून देणारा नवरा काय फक्त एकाच धर्मात असतो का? तेव्हाचे कायदामंत्री रविशंकर प्रसाद यांची बाजू अशी की न्यायालयाच्या निकालानंतरही प्रकार थांबले नाहीत, त्यामुळे शिक्षेचा धाक हवा. शिवाय तक्रार फक्त ती स्त्री किंवा तिचे नातेवाईकच करू शकतात, बायकोचं म्हणणं ऐकून दंडाधिकारी जामीन देऊ शकतात आणि तिच्या इच्छेने तडजोडही होऊ शकते, असं ते सांगत होते.

म्हणजे भूमिका लिहिताना "कशाला विरोध" हे वाक्यात आलंच पाहिजे. मी प्रत्येक भाषणाच्या कडेला दोनच गोष्टी टिपतो: वक्त्याचं बोट विधेयकाच्या कुठल्या भागावर आहे (उद्देश, शिक्षा की मंजुरीची घाई), आणि तो शेवटी मागतोय काय. विधेयक नामंजूर करा, दुरुस्ती करा आणि चिकित्सा समितीकडे पाठवा या तीन वेगवेगळ्या मागण्या आहेत. शेरशायरी, एकमेकांच्या सरकारांचा इतिहास आणि कंसातला "व्यत्यय" सरळ वगळा. मुद्दे पक्षवार मांडू नका, मुद्दावार मांडा. पाच पक्ष निर्वाह भत्त्याबद्दलच बोलत असतील तर ते एकदाच लिहायचं आणि पुढे पाच नावं. मंत्र्यांचं शेवटचं उत्तर मात्र वगळू नका. कुठल्या आक्षेपाला उत्तर मिळालं आणि कुठल्या आक्षेपाला बगल दिली, ते तिथेच कळतं. कंटाळून लोक नेमकं तेच सोडतात.

आता दुसरी चूक. जदयू आणि अण्णाद्रमुकचे वक्ते विधेयकाविरुद्ध बोलले, हे खरं. पण मतदानाच्या वेळी ते सभागृहात नव्हते. सभात्याग केला होता. तेलंगणा राष्ट्र समितीही मतदानापासून लांब राहिली, आणि विरोधी पक्षांतलेही काही सदस्य गैरहजर होते. विधेयक ९९ विरुद्ध ८४ मतांनी मंजूर झालं. एकूण मतं झाली १८३, सभागृहाच्या जागा २४५. उपस्थित राहून मत देणाऱ्यांचं बहुमत पुरतं, म्हणून ९९ वर काम भागलं. फरक पंधरा मतांचा. जे विरोधात बोलून बाहेर पडले ते आत बसून विरोधात मत देते, तर निकाल फिरू शकला असता. त्या दिवसाची खरी बातमीच ही, आणि दोन रकान्यांच्या तक्त्यात ती मावतच नाही.

सरांचा युक्तिवाद: "पोरांना एवढं लागत नाही, विरोधात बोलले म्हणजे विरोधातच." अहो सर, भाषण नोंदवलं जातं आणि मत मोजलं जातं! कायदा मोजणीने होतो. (तुम्ही हे वाचत असाल तर नमस्कार.) तिसरा रकाना हवाच: बोलले काय, केलं काय. वक्त्याचं नाव मतविभागणीच्या, म्हणजे कोणी काय मत दिलं ते नावानिशी नोंदवलेल्या यादीत शोधायचं. "होय" मध्ये नाही, "नाही" मध्येही नाही, म्हणजे तो मतदानात नव्हता. फक्त एवढंच लिहायचं. "मुद्दाम गैरहजर राहिले" हे वृत्तांतातून सिद्ध होत नाही, ते वर्तमानपत्रांचं काम.

निकालाचा आकडा उचलताना अजून एक. त्याच दिवशी विधेयक चिकित्सा समितीकडे पाठवण्याच्या प्रस्तावावरही मतविभागणी झाली होती, ८४ विरुद्ध १००, आणि तो फेटाळला गेला. घाईत पान उलटलं की हा आकडा विधेयकाला चिकटतो. प्रत्येक आकड्याच्या वर पीठासीन अधिकाऱ्याने मांडलेला प्रस्ताव वाचा आणि तो शब्दशः उतरवा. सभागृहात जाहीर होणारा आकडा "दुरुस्तीस अधीन" असतो, म्हणून छापील वृत्तांतातली यादी अंतिम धरा.

हे सगळं मतविभागणी झाली असेल तरच, हे आधी सांगायला हवं होतं. बरीच विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात, त्यात ना आकडा असतो ना नावं. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत कृषी विधेयकं अशीच मंजूर झाली. विरोधक मतविभागणी मागत होते, ती झाली नाही आणि गोंधळ उडाला. अशा वेळी "बहुमताने मंजूर" लिहू नका. "आवाजी मतदानाने मंजूर, मतविभागणीची मागणी झाली, ती घेतली गेली नाही" असं लिहा. तिसरा रकाना तिथे रिकामा राहतो. राहू दे.

एका पानात बसेल का? तिहेरी तलाकचं माझं सव्वा पान झालं होतं. सरांनी त्याचं अर्धं केलं, आणि उडालं ते नेमकं सभात्यागाचं वाक्य.