बसथांब्यावरचे ‘इज्न्ट इट?’

प्रश्न : मुलीकडे सहा महिन्यांसाठी लीड्सला आले आहे. इंग्रजी वाचता येते, पण बसथांब्यावर कोणी काही बोलले की ‘येस’ म्हणून मी गप्प होते. बोलणे सुरू कसे करावे, वाढवावे कसे आणि संपवावे कसे?

उत्तर : ‘बिट चिली, इज्न्ट इट?’ असे कोणी म्हणते तेव्हा त्याला थंडीविषयी तुमचे मत नको असते. दोन शब्द बोलायला आपली हरकत नाही, एवढेच तो सुचवत असतो. म्हणून उत्तरात आधी होकार द्यावा. ‘नो, इट्स फाइन’ हे खरे असले तरी बोलणे तिथेच खुंटते. ‘यू ऑलराइट?’ हादेखील नुसता नमस्कारच असतो. सुरुवातीच्या दिवसांत एका दुकानातील बाईंनी मला तसे विचारले आणि मी त्यांना गुडघेदुखीची सविस्तर हकिकत ऐकवली. ‘नॉट बॅड, यू?’ एवढे पुरले असते.

तुमचे ‘येस’ चुकीचे नाही, ते अपुरे आहे, कारण त्यात समोरच्याला धरायला काही मिळत नाही. होकारानंतर स्वतःविषयीची एखादी बारीकशी गोष्ट जोडावी : ‘इट इज! आय शुड हॅव वोर्न माय ग्लव्ह्ज.’ तो कदाचित म्हणेल, ‘दे सेड इट वुड ब्राइटन अप.’ त्यावर तुम्ही म्हणा, ‘आय होप सो. आयम स्टेइंग विथ माय डॉटर, अँड आय हॅवन्ट सीन द सन सिन्स मंडे.’ आता मुलगी, प्रवास, ऊन असे तीन धागे त्याच्या हाती आले; त्यांपैकी एखादा त्याने उचलला, तर बोलणे पुढे सरकते. तो ‘ओह, राइट’ म्हणून फोनकडे वळला, तर तिथेच थांबावे. त्यात अपमान मानू नये.

स्वतः सुरुवात करायची असेल, तर दोघांच्याही डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीविषयी बोलावे. ‘हॅव यू बीन वेटिंग लाँग?’ हे थांब्यावर नेहमी चालते. गाव कोणते, नोकरी कुठे, मुले किती, हे आपल्याकडे आपुलकीचे प्रश्न असले तरी इंग्लंडमध्ये पहिल्या पाच मिनिटांत ते चौकशीसारखे वाटतात. सोबत कुत्रा असेल, तर त्याचे नाव मात्र बेलाशक विचारावे. माझ्या गल्लीतील चार कुत्री मला नावाने ठाऊक आहेत, त्यांच्या मालकांपैकी एकाचेही नाव मला माहीत नाही, आणि कोणालाच त्यात वावगे वाटत नाही.

संपवताना एकदम ‘बाय’ म्हणू नये. आधी ‘एनीवे’ किंवा ‘राइट’ म्हणून किंचित थांबावे, मग कारण सांगावे आणि शेवटी निरोप घ्यावा : ‘राइट, दॅट्स माय बस. नाइस टॉकिंग टू यू.’ समोरचा ‘आयल लेट यू गेट ऑन’ म्हणाला, तर शब्दशः तो तुम्हाला मोकळे करत असतो, पण बहुधा निघायचे त्यालाच असते. अशा वेळी नवा विषय काढू नये.

हे सारे थांब्यावर, रांगेत आणि बागेत चालते. लंडनच्या भुयारी रेल्वेत मात्र शेजारी गप्प बसला असेल, तर त्याला तसेच बसू द्यावे.