जवळचं दुकान शोधताना आडवी येणारी खाडी

प्रश्न: अ‍ॅपमध्ये युजरच्या लोकेशनपासून जवळची दुकानं आधी दाखवायची आहेत. हॅवर्साइन वापरू की साधं पायथागोरस चालेल?

रेखांशातला फरक अक्षांशाच्या कोसाइनने गुणून घेतलात, तर शहराएवढ्या टापूत पायथागोरसही चालतं. याच प्रश्नावर आमच्या जुन्या कंपनीत दोन मीटिंगा झाल्या, आणि खरी चूक भलतीकडेच होती.

आम्ही मेडिकल दुकानांचं अ‍ॅप करत होतो. माझं गाव दाभोळ. एकदा रात्री अकराच्या पुढे वडिलांचा इनहेलर संपला, म्हणून आमचंच अ‍ॅप उघडलं. पहिलं दुकान धोपाव्याच्या बाजूचं, अंतर दोन किलोमीटरच्या आत. अंतर अगदी बरोबर होतं, फक्त मधे वाशिष्ठीची खाडी होती आणि फेरीबोट कधीच बंद झालेली. गाडीने जायचं तर चिपळूणचा वळसा. आमच्याच बाजूचं दुकान यादीत सातवं होतं. बाबांना शेवटी शेजाऱ्यांनी इनहेलर दिला.

सोमवारी लीडला सांगितलं, तर म्हणे, ‘अरे, ही एज केस आहे.’ कोकणात दर थोड्या अंतरावर खाडी आहे, साहेब!

तेव्हा क्रम दोन टप्प्यांत लावा. पहिल्यात डेटाबेसकडून हवाई अंतराने जवळची पन्नासेक दुकानं घ्या. पोस्टजीआयएसमध्ये:

```sql
SELECT id, name FROM shops
ORDER BY geog <-> ST_MakePoint(73.17, 17.59)::geography
LIMIT 50;
```

`geog` वर GiST इंडेक्स हवाच, नाहीतर दर वेळी अख्खं टेबल चाळलं जाईल. आणि रेखांश आधी, अक्षांश नंतर. उलटं लिहिलंत तर एरर येत नाही, दाभोळचा माणूस गुपचूप नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन बसतो. सगळी अंतरं हजारो किलोमीटर दिसली की समजायचं.

दुसऱ्या टप्प्यात या पन्नासांचा रस्त्याने लागणारा वेळ ओएसआरएमच्या `table` सेवेकडून एकाच विनंतीत घ्या आणि त्यानुसार क्रम लावा. पन्नास यासाठी, की दहाच घेतली तर दहाच्या दहा पलीकडच्या तीरावरची निघू शकतात.

हो, एक राहिलं. ओएसआरएम फेरीबोटीलाही रस्ताच धरतं आणि तिची वेळ बघत नाही, म्हणजे रात्री पुन्हा धोपावेच वर. फेरी बंद असते त्या तासांत विनंतीला `exclude=ferry` जोडा.

पुण्यात किंवा नागपुरात फक्त चहाच्या टपऱ्या दाखवायच्या असतील तर दुसरा टप्पा नाही केला तरी चालेल. पण ‘एज केस’ म्हणणाऱ्याला एकदा रात्री बारा वाजता दाभोळच्या धक्क्यावर उभं करा.