मॅच्युरिटीसाठी ‘दुय्यम प्रत द्या’ असं लिहू नका

प्रश्न: बाबांची विमा पॉलिसी पुढच्या महिन्यात मॅच्युअर होतेय, पण मूळ बॉण्ड कुठेच सापडत नाही. पैशांसाठी कंपनीला पत्र कसं लिहायचं?

उत्तर: आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ च्या पुरात बाजारपेठेतल्या आमच्या दुकानाचं कपाट पाण्याखाली गेलं. चौथ्या दिवशी उघडलं तर माझ्या पॉलिसीच्या बॉण्डचा चिखलातला लगदा झालेला. अर्ध्या पानावर पॉलिसी नंबर अजून वाचता येत होता. मी म्हटलं, वाळवून ठेवूया. दादा म्हणाला, “त्याचं काय लोणचं घालायचंय?” आणि घमेल्यातून फेकून दिलं.

वर्षभराने मुदत भरली. एजंटच्या सांगण्यावरून मी पत्रात लिहिलं, ‘बॉण्ड हरवला, दुय्यम प्रत मिळावी.’ तिथेच फसलो. दुय्यम प्रतीची वाट वेगळी, तिथे प्रश्नावली आणि पेपरात जाहिरातीची भानगड. तीन महिने गेले. शेवटी काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, “अहो, मुदत भरलीय ना? मग प्रत कशाला? इन्डेम्निटी बॉण्ड, म्हणजे नुकसानभरपाईचं हमीपत्र द्या आणि पैसे घ्या. पॉलिसीचा तुकडा तरी आहे का? पुरावा म्हणून जोडला असता तर काम हलकं झालं असतं.” दादा तेव्हा शेजारीच उभा होता.

दुसरं पत्र एवढंच होतं: ‘माझी पॉलिसी क्रमांक अमुक, अमुक तारखेला पूर्ण झाली आहे. मूळ बॉण्ड २२ जुलै २०२१ च्या पुरात दुकानातल्या कपाटात नष्ट झाला. ही पॉलिसी मी कोणाकडे तारण ठेवलेली नाही वा कोणाच्या नावे केलेली नाही. इन्डेम्निटी बॉण्ड, सही केलेला डिस्चार्ज फॉर्म, ओळखपत्र आणि रद्द केलेला चेक जोडला आहे. बॉण्डाअभावी दावा मंजूर करून रक्कम या खात्यात जमा करावी.’ जोडपत्रांची यादी खाली, दुसऱ्या प्रतीवर पोच. पोच सोडू नका. पैसे लांबले आणि व्याज मागायची वेळ आली, तर शेवटचा कागद कधी दिला हे त्यावरूनच ठरतं.

तारणाचं वाक्य मात्र नुसतं उतरवून काढू नका. आमच्याकडे होडीच्या इंजिनासाठी, कलमांच्या खतासाठी पॉलिसी पतपेढीत टाकतात आणि विसरतात. कंपनीकडूनच पॉलिसीवर कर्ज घेतलं असेल, तर बॉण्ड त्यांच्याच कपाटात असतो. तेव्हा आधी शाखेत विचारा: यावर कर्ज किंवा असाइनमेंट, म्हणजे पॉलिसी दुसऱ्याच्या नावे केल्याचं नोंदलेलं आहे का? असेल तर ‘हरवला’ हे लिहिणंच खोटं. पतपेढीचं कर्ज फिटलं असेल, तर त्यांच्याकडून पॉलिसी परत बाबांच्या नावे करून घ्या.

इन्डेम्निटीचा मजकूर कंपनीच देते, तोच स्टॅम्पपेपरवर घ्या. शंभराचा चालत नाही, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा लागतो. रक्कम मोठी असेल तर जामीनदारही मागतात. हे माझ्या कंपनीचं, तुमच्या शाखेत फॉर्म वेगळे निघतील. आणि सही बाबांचीच हवी, तुमची नाही.

कपाटाच्या तळाशी वाळवीने खाल्लेला तुकडा जरी सापडला, तरी तो दादासारख्या कोणाच्या हाती देऊ नका.