‘कामात लक्ष नाही’ हे खोडून काय लिहायचं

सोलापूर, मार्चअखेर

प्रिय मित्रा,

तू पाठवलेला मूल्यमापनाचा फॉर्म वाचला. हँड टॉवेलच्या चेकिंग टेबलावरच्या त्या मुलाबद्दल तू तीन वाक्यं लिहिली आहेस: ‘कामात लक्ष नाही. निष्काळजीपणा दिसतो. वारंवार सांगूनही सुधारणा नाही.’ तुझा राग समजतो, पण या तिन्ही वाक्यांत पडताळून पाहण्यासारखं काहीच नाही. ‘वारंवार’ म्हणजे किती वेळा, कोणत्या तारखांना? लक्ष नाही हे कशावरून कळलं? उद्या त्याने ‘साहेब, नेमकं काय चुकलं ते दाखवा’ म्हटलं तर तुझ्याकडे दाखवायला कागद हवा. शेरा असा लिही की दुसऱ्या विभागातल्या माणसाने रजिस्टर उघडलं तरी त्याला तेच दिसेल.

कागद तुझ्याकडे आहेच, तू तो उघडलेला नाहीस. दर लॉटमधले 50 नग सुपरवायझर पुन्हा पाहतो आणि सापडलेला दोष चेकरच्या नंबरासह लिहितो. त्या फेरतपासणीच्या रजिस्टरातून मी ऑक्टोबर ते मार्चची बेरीज केली. त्याचे 24 लॉट, म्हणजे 1200 नग पुन्हा पाहिले गेले आणि त्यात 66 सदोष निघाले, म्हणजे साडेपाच टक्के. त्याच टेबलावरच्या बाकी तिघांचं प्रमाण दोन ते अडीच टक्क्यांच्या दरम्यान आहे. महिन्यांप्रमाणे पाहिलं तर 9, 12, 10, 11, 13, 11. हे महिने वेगळे काढणं फार गरजेचं आहे, कारण मार्चमध्ये लिहायला बसलेल्या माणसाला फेब्रुवारीतली तक्रार तेवढी आठवते. इथे मात्र सहाही महिने आकडा जवळपास सारखाच आहे, म्हणजे एखादा वाईट पंधरवडा नव्हता.

आता त्या 66 मध्ये काय आहे ते बघ. 44 नगांत हेमच्या, म्हणजे दुमडून शिवलेल्या कडेच्या, कोपऱ्याची शिलाई सुटलेली, 14 वर डाग, 8 मध्ये लूप ओढलेले. दोन तृतीयांश चूक एकाच जागी आहे. हा मुलगा टॉवेलचा पृष्ठभाग नीट पाहतो, पण कोपरे उलटून बघत नाही. ‘निष्काळजी’ या शब्दात हे कुठे होतं?

पण इथेच थांबलास तर अन्याय होऊ शकतो. त्याच्याकडे जास्त लॉट एकाच बिघडलेल्या हेमिंग मशीनचे येत असतील, तर मुळात सुटलेले कोपरे त्याच्याच वाट्याला जास्त आले असतील. मग तो इतरांइतकेच दोष पकडत असूनही निसटलेल्यांचा आकडा फुगलेला दिसेल. म्हणून आधी लॉटच्या कार्डावरून मशीन नंबर ताडून पाहा. त्यानंतर एक साधी चाचणी घे. 100 नगांचा गठ्ठा तयार कर, त्यात 20 सदोष नग मिसळ: 10 कोपऱ्याचे, 6 डागाचे, 4 लूपचे. सदोष नगांना लेबलच्या आतल्या बाजूला पेन्सिलीची बारीक खूण कर आणि यादी स्वतःकडे ठेव. हाच गठ्ठा चौघांनाही वेगवेगळ्या वेळी दे, दर खेपेला नगांचा क्रम बदल.

अशी एक चाचणी तू परवा घेतलीसच, तीत त्याने 20 पैकी 13 पकडले, बाकी तिघांनी 17, 18 आणि 18. सुटलेल्या सातपैकी सहा कोपऱ्याचे आणि एक लूपचा. रजिस्टर आणि चाचणी दोन्ही एकच गोष्ट सांगत आहेत, म्हणून आता लिहायला हरकत नाही. तरी एका चाचणीवर भिस्त ठेवू नकोस. ती निदान आणखी दोनदा, आणि एकदा रात्रपाळीत घे. टेबलावरची ट्यूब मंद असेल तर ते तिथेच उघडं पडेल. कोणी किती चांगले नग सदोष म्हणून बाजूला टाकले हेही मोज, नाहीतर सगळंच नाकारणारा माणूस पहिला येईल. रोजच्या लॉटमध्ये एवढे दोष नसतात आणि चाचणी आहे म्हटल्यावर माणूस सावध असतो. त्यामुळे हे आकडे एकमेकांशी तुलना करण्यापुरतेच धर.

आणखी एक गोष्ट तुझ्याच फळ्यावर आहे. पाळीला त्याचे नग 900 च्या घरात, बाकीच्यांचे 750 च्या आसपास. फळ्यावर रोज नावापुढे नगांचा आकडा लागतो, फेरतपासणीचा लागत नाही. मग तो कोपरे का उलटेल? हे विभागाच्या बाजूचं कारण आहे आणि तेही शेऱ्यात यायला हवं. ते लपवलंस तर बाकीच्या आकड्यांवरही त्याचा विश्वास बसणार नाही.

फेब्रुवारीत परदेशी ग्राहकाची तक्रार आली, तीही तुला त्याच्या खात्यात घालायची आहे. त्या कार्टनच्या पॅकिंग स्लिपवर चेकरचा नंबर आहे का? नसेल तर घालू नकोस. ‘घरच्या अडचणींमुळे’ असा तर्कही लिहू नकोस. त्या अडचणी तू पाहिलेल्या नाहीत आणि त्याने सांगितलेल्याही नाहीत.

हे सगळं धरून शेरा असा होईल:

‘ऑक्टोबर ते मार्च या काळात फेरतपासणी झालेल्या 1200 नगांपैकी 66 सदोष निघाले (5.5 टक्के, त्याच टेबलावर इतरांचे 2 ते 2.5 टक्के). यांपैकी 44 नगांत हेमच्या कोपऱ्याची शिलाई सुटलेली होती. 20 ज्ञात सदोष नगांच्या चाचणीत 13 पकडले. सुटलेल्या 7 पैकी 6 कोपऱ्याचे. डाग ओळखण्यात चूक नाही, सहाही पकडले. पाळीला सुमारे 900 नग तपासले जातात, इतर सुमारे 750 तपासतात. विभागाच्या फळ्यावर फक्त नगसंख्या लावली जात असल्याने वेगावर भर राहिला. अपेक्षा: प्रत्येक नगाचे चारही कोपरे उलटून पाहणे. एप्रिलचा पहिला आठवडा अनुभवी चेकरसोबत काम. जूनअखेरपर्यंत दर पंधरवड्याला चाचणी, 20 पैकी किमान 17. या काळात नगसंख्या 750 पर्यंत उतरली तरी चालेल.’

यात ‘सांगूनही’ हा शब्द मी मुद्दाम घातला नाही. तू त्याला कोपऱ्यांबद्दल कधी बोललास याची एकही नोंद मला सापडली नाही. डायरीत तारीख असेल तर घाल, आठवणीने तारीख बनवू नकोस. प्रकरण कामगार न्यायालयापर्यंत गेलं तर पहिला प्रश्न तिथेच विचारला जाईल. आणि तोंडी काहीच सांगितलं नसेल, तर फॉर्म भरण्याआधी त्याच्याशी बोल. ही आकडेवारी त्याला पहिल्यांदा फॉर्मवरच दिसू नये.

बोलताना सहा-सात सदोष टॉवेल समोर ठेव आणि कोपरा स्वतः उलटून दाखव. तो घरी तेलुगू बोलतो, म्हणून शेरा मराठीत वाचून झाल्यावर एखाद्या तेलुगू जाणणाऱ्या सहकाऱ्याकडून त्याला नीट समजला का ते विचारून घे. सहीच्या जागी ‘वाचले’ असं लिहू दे, ‘मान्य’ नको. खाली त्याच्या म्हणण्यासाठी चार ओळी रिकाम्या सोड. त्याने ट्यूबबद्दल काही लिहिलं तर ते खोडू नकोस, मेंटेनन्सला कळव आणि ज्या दिवशी ट्यूब बदलली ती तारीख त्याच कागदावर टाक. एक झेरॉक्स त्याला दे.

आकड्यांत काही अडलं तर रजिस्टर घेऊन ये, बसून बघू.

तुझा हितचिंतक